फलक सेवेत कायम

१ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीच्या 'पॅनोरमा' या गंभीर कार्यक्रमात सुमारे तीन मिनिटांचं एक वार्तांकन दाखवलं गेलं. स्वित्झर्लंडमधल्या तिचिनो भागात यंदा हिवाळा सौम्य होता, किडीचा त्रासही संपला, त्यामुळे स्पॅगेटीचं पीक चांगलं आलं आहे, असं निवेदक सांगत होता. पडद्यावर बायका झाडांवर लोंबणाऱ्या शेवया हलक्या हातानं तोडून टोपल्यांत भरत होत्या. कार्यक्रम संपल्यावर बीबीसीत फोन येऊ लागले. काहींना हे झाड आपल्या अंगणात लावायचं होतं. निवेदक होते रिचर्ड डिंबलबी. चार वर्षांपूर्वी राणीच्या राज्याभिषेकाचं वर्णन याच आवाजात देशानं ऐकलं होतं. शेवयांचं वर्णन करताना त्यांनी त्या आवाजात जराही बदल केला नाही, आणि सगळी गंमत तिथंच होती.

खोट्या बातमीपत्राचा विनोद आजही याच पायावर उभा आहे. बातमी वाचणारा माणूस ज्या शांतपणे अर्थसंकल्पाचे आकडे सांगतो, त्याच शांतपणे तो सोसायटीच्या गच्चीच्या किल्लीबद्दल बोलतो. पडद्यावर तेच निळे पट्टे, तेच नकाशे, तीच खालून धावणारी ओळ. बातमीचा सगळा सरंजाम खरा आणि मधोमध एकच गोष्ट खोटी. १९९४ मध्ये बीबीसी टूवर आलेल्या 'द डे टुडे' या मालिकेत ख्रिस मॉरिस आणि अर्मांडो इयानुची यांनी हे तंत्र फार पुढं नेलं. आपल्याकडं जसपाल भट्टी दूरदर्शनवरच्या 'उलटा पुलटा'च्या छोट्या तुकड्यांत आणि मग १९८९ च्या 'फ्लॉप शो'मध्ये हाच कोरा चेहरा घेऊन सरकारी कचेरीत, दवाखान्यात, टेलिफोनच्या रांगेत उभे राहिले. भट्टींचा विषय नेहमी साध्या माणसाच्या रोजच्या कटकटीचा असायचा. ते कधी प्रेक्षकाकडं पाहून डोळा मारत नसत.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात, गणेशोत्सवाच्या मांडवात, सोसायटीच्या वर्धापनदिनाला अशी बातमीपत्रं आता पुष्कळ होतात. फोनवर चित्रीकरण करून ती एकमेकांना पाठवलीही जातात. त्यातली बरीचशी फसतात, आणि फसण्याचं कारण बहुतेक वेळा अभिनयात नसून संहितेत असतं. म्हणून एक बातमी सुरुवातीपासून शेवटपर्यंत कशी लिहायची, ते इथं पाहू.

पहिला प्रश्न विषयाचा. शहरातल्या कटकटी म्हटलं की हात आधी खड्ड्याकडं जातो. खड्ड्यात मासे सोडणं, खड्ड्याची चंद्राशी तुलना, खड्ड्याचा वाढदिवस हे सगळं इतकं झालं आहे की प्रेक्षक विनोदाच्या आधीच तिथं पोहोचलेला असतो. माझ्या मते विषय त्याहून लहान हवा. इतका लहान की रोज डोळ्यांसमोर असून त्यावर कुणी कधी बोललेलं नसेल. शिवाय त्याच्याभोवती कागदपत्रं, पदं, परवानग्या, बैठका असायला हव्यात. बातमीची भाषा याच गोष्टींवर जगते. डास चावणं ही कटकट खरी, पण तिला कार्यपद्धती नाही. रस्त्यावर उभा असलेला 'काम चालू, रस्ता बंद' हा फलक मात्र सोन्याची खाण आहे. तो कुणीतरी मंजूर केलेला असतो, त्यावर विभागाचं नाव असतं, गैरसोयीबद्दल दिलगिरी असते, आणि काम संपून किंवा न होताच माणसं निघून गेली तरी तो तिथंच उभा असतो. एक पाय वाकलेला, त्याखाली कुणीतरी सरकवलेली वीट.

आता या फलकाबद्दल खोटं काय बोलायचं? इथं नवशिके लेखक पाच-सहा खोट्या गोष्टी एकदम सांगतात. फलकाचं लग्न ठरतं, तो निवडणुकीला उभा राहतो, त्याच्यावर सिनेमा निघतो. मग कशालाच वजन उरत नाही. एकच खोटं निवडावं आणि बाकी सगळं त्या खोट्याच्या नियमानं चालू द्यावं. आपण असं ठरवू की महापालिका फलकाला कर्मचारी मानते. बस. यापुढं काही रचायची गरज नाही, सेवानियमांचं पुस्तक उघडलं की पुरे. हंगामी कर्मचाऱ्याला कायम करतात, मग फलकही कायम होईल. कायम झाला की सेवाज्येष्ठता आली, ज्येष्ठता आली की कुणाची तरी हरकत आली. घरभाडे भत्ता, गोपनीय अहवाल, बदली, निवृत्ती हे सगळं आपोआप रांगेत येऊन उभं राहतं.

बातमीपत्रात निवेदक कॅमेऱ्याकडं बघून जे पहिलं वाचतो त्याला वृत्तवाहिन्यांत अँकर लिंक म्हणतात. ती साधारण वीस सेकंदांची असते. शांतपणे वाचलं तर मराठीत मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे आपल्या हातात चाळीसेक शब्द आहेत. पहिला खर्डा बहुधा असा उतरतो:

'ऐका हो ऐका! आपल्या महान महापालिकेच्या महान फलकानं तब्बल ११ वर्षं रस्त्यात ठाण मांडून विश्वविक्रम केलाय! आता या फलकरावांना बढती मिळणार की भारतरत्न, हेच बघायचं!'

यात हसण्यासारखं काही उरलेलं नाही, कारण निवेदक आधीच हसून मोकळा झाला आहे. 'महान' आणि 'तब्बल' हे शब्द प्रेक्षकाला काय वाटायला हवं ते सांगतात. 'फलकराव' म्हटल्याबरोबर लेखकाचा स्वतःचा त्यावर विश्वास नाही हे उघड होतं. भारतरत्नाचा सेवानियमांशी संबंध नाही, म्हणजे दुसरं खोटं घुसलं. आता तेच असं लिहू:

अँकर: शहराच्या मध्यवर्ती भागातील 'काम चालू, रस्ता बंद' या फलकाला महापालिकेच्या सेवेत कायम करण्याचा निर्णय आज झालेल्या बैठकीत घेण्यात आला. हा फलक गेली ११ वर्षे हंगामी तत्त्वावर कार्यरत होता. दरम्यान, शेजारील बॅरिकेडने या निर्णयाला हरकत घेतली असून सेवाज्येष्ठता यादीत आपण वर असल्याचा दावा केला आहे.

एकही भडक विशेषण नाही, उद्गारचिन्ह नाही. मराठी वाक्याचा शेवट क्रियापदानं होतो, आणि बातमीतलं क्रियापद नेहमीच थंड असतं: निर्णय घेण्यात आला, दावा केला आहे, माहिती देण्यात आली. ही मोठी सोय आहे. वेडगळ गोष्ट वाक्याच्या मधे ठेवायची आणि सरकारी क्रियापदानं वरून झाकण लावायचं. प्रेक्षकाला ती गोष्ट कळते तेव्हा निवेदक पुढच्या वाक्यावर गेलेला असतो. 'बॅरिकेडने' हा शब्द हशा आणतो तो या घाईमुळे.

भाषा कुठल्या काळातली घ्यायची, हेही आधी ठरवावं लागतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. तिथं भक्ती बर्वे, अनंत भावे, प्रदीप भिडे यांनी वाचलेल्या बातम्यांचा संथ, स्वच्छ उच्चारांचा सूर एका पिढीच्या कानात अजून आहे. २००७ च्या सुमारास चोवीस तासांच्या मराठी वाहिन्या आल्या आणि दुसरा सूर आला: चढलेला आवाज, पडद्यावर स्फोट, प्रत्येक बातमी सगळ्यांत मोठी. नक्कल करायला दुसरा सूर सोपा वाटतो, पण तो मुळातच इतका ताणलेला आहे की त्यावर आणखी ताण देऊन फार काही हाती लागत नाही. क्षुल्लक विषयाला संथ सूर अधिक शोभतो, कारण विषयाचं लहानपण आणि आवाजाचं गांभीर्य यांतलं अंतर त्यात सर्वांत मोठं राहतं. मी नेहमी दूरदर्शनचा सूर सुचवते. चढा सूर फक्त वार्ताहरासाठी ठेवावा.

तो वार्ताहर आता येतो. अँकरनं त्याला हाक मारल्यावर दोन सेकंद काहीच होत नाही. खऱ्या थेट प्रक्षेपणात आवाज उपग्रहावरून यायला वेळ लागतो, म्हणून वार्ताहर कानातलं यंत्र दाबून मान हलवत उभा असतो. या दोन सेकंदांत एकही शब्द न लिहिता प्रेक्षक ओळखतो की आपण बातम्या बघतो आहोत. नवखे दिग्दर्शक नेमकी हीच जागा कापून टाकतात.

वार्ताहर: हो, आत्ता मी प्रत्यक्ष घटनास्थळी आहे. माझ्या मागे आपण पाहू शकता, फलक सध्या उभा आहे. सकाळपासून तो उभाच आहे.

अँकर: निर्णयावर फलकाची प्रतिक्रिया काय आहे?

वार्ताहर: फलकाने अद्याप अधिकृत प्रतिक्रिया दिलेली नाही. मात्र त्याचा एक पाय विटेवर असल्याचे प्राथमिक माहितीतून समोर येत आहे. ही वीट कुणाची, याचा तपास सुरू आहे.

अँकर: घरभाडे भत्त्याबाबत काही स्पष्टता?

वार्ताहर: भत्ता नाकारण्यात आला आहे. फलक कामाच्या ठिकाणीच वास्तव्यास असल्याचे कारण देण्यात आले आहे.

वीट खरी आहे, कुठल्याही रस्त्यावर दिसेल अशी. डोळ्यांनी पाहिलेला असा एखादा बारकावा नसेल तर सगळं हवेत तरंगतं. संहिता लिहिण्याआधी एकदा त्या फलकासमोर दहा मिनिटं उभं राहावं. त्यावरची रंग उडालेली अक्षरं, त्याला टांगलेली पिशवी, त्याच्या आडोशाला लावलेली स्कूटर हे सगळं कागदावर उतरवून घ्यावं. त्यातलं दोन-तीनच वापरायचं, पण निवडायला दहा असावं.

यानंतर अधिकाऱ्याचं म्हणणं येतं. वाहिनीत त्याला बाईट म्हणतात. पथ विभागाचे उपअभियंता, मागं फायलींचं कपाट. ते खुर्चीत किंचित पुढं झुकून म्हणतात, 'हे बघा, जे काही होईल ते नियमानुसारच होईल. फलकाचं काम समाधानकारक आहे. ११ वर्षांत त्यानं एकही रजा घेतलेली नाही.' मग रस्त्यावरचे एक आजोबा: 'आम्ही तर पत्ता त्याच्यापासूनच सांगतो. फलकाला वळसा घाला नि डावीकडं या. आता तो काढला तर पोस्टमन कुठनं यायचा?' आजोबांचं बोलणं घरगुती आणि उपअभियंत्यांचं कचेरीतलं, हा फरक नीट ऐकू यायला हवा. सगळी पात्रं एकाच लेखकाच्या तोंडानं बोलू लागली की प्रेक्षकाला नाटक दिसायला लागतं.

इथं एक विचार लेखकानं थांबून करायला हवा: हसू नेमकं कुणाला येतं आहे? मराठी शहरांत कंत्राटी सफाई कामगार कायम होण्यासाठी वर्षानुवर्षं झगडतात, कोर्टात जातात. फलक कायम झाल्याची बातमी लिहिताना त्यांची चेष्टा होत असेल तर संहिता फाडून टाकावी. पण त्यांना जे मिळत नाही ते एका पत्र्याला विनासायास मिळालं, हे दाखवता आलं तर तोच विनोद बरोबर जागी लागतो. म्हणून बातमीच्या शेवटी, अँकर भत्त्याचं सांगत असताना, पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या ओळीत, म्हणजे टिकरवर, मी एकच वाक्य टाकते: 'कंत्राटी सफाई कामगारांचा विषय वेळेअभावी पुढील बैठकीत.' हे वाक्य खोटं वाटत नाही. सगळ्या खोट्या बातमीत ते एकटं खरं उभं राहतं, आणि ज्याच्या लक्षात येतं त्याचं हसू तिथं थबकतं. अँकरनं ते कधीही मोठ्यानं वाचू नये.

आता चित्रांकडं वळू. 'विचित्र ग्राफिक्स' म्हटल्यावर बरेच जण विचित्र दिसणारी ग्राफिक्स करतात: वेडेवाकडे टाइप, नाचणारी चित्रं, कार्टूनचे डोळे लावलेला फलक. त्यानं बातमीचा आभास मोडतो. ग्राफिक अगदी नीटनेटकं, खऱ्या वाहिनीत शोभेल असं असावं, आणि वेडेपणा फक्त त्यातल्या मजकुरात असावा. 'द डे टुडे'त चलनबाजाराच्या चढउतारासाठी मूत्रपिंडाच्या आकाराचा आलेख वापरला होता. निवेदिका तो इतक्या सवयीनं समजावते की क्षणभर आपल्यालाच अशी पद्धत असावी असं वाटतं. तिथं चेष्टा खुद्द वाहिन्यांच्या ग्राफिक्सच्या हव्यासाची होती, म्हणून आकार वेडा ठेवणं योग्य होतं. आपला विषय कचेरीचा कारभार आहे, तेव्हा आपलं ग्राफिक कचेरीसारखं दिसायला हवं.

फलकाच्या बातमीसाठी पडदाभर दिसणारं एक चित्र पुरे. वर शीर्षक: 'विभागाची रचना'. खाली चौकटी आणि बाण: आयुक्त, त्याखाली अतिरिक्त आयुक्त, मग मुख्य अभियंता, कार्यकारी अभियंता, उपअभियंता, कनिष्ठ अभियंता, फलक. आणि सर्वांत खाली, तुटक रेषेच्या चौकटीत, 'खड्डा (कंत्राटी)'. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'स्रोत: फलक'. अँकर एवढंच म्हणतो, 'विभागाची नवी रचना आपण ग्राफिक्समध्ये पाहू शकता,' आणि गप्प बसतो. त्यानं 'खड्डा' हा शब्द उच्चारला तर चित्राचं काम संपतं. तोंड आणि पडदा एकच गोष्ट सांगू लागले की एकाचा खर्च वाया जातो. एकानं गंभीर माहिती द्यावी आणि दुसऱ्यानं ती घसरवावी.

चित्र पडद्यावर किती वेळ ठेवायचं, याला साधी कसोटी आहे. त्यातला सगळा मजकूर मनात सावकाश दोनदा वाचावा आणि दुसऱ्यांदा शेवटचा शब्द आला की कापावं. वरची आठ पदं दोनदा वाचायला दहा सेकंद लागतात, तेवढी द्यावीत. सहा सेकंदांत कापलं तर खड्ड्यापर्यंत निम्मेच प्रेक्षक पोहोचतात, वीस सेकंद ठेवलं तर हसून झालेला प्रेक्षक चित्राच्या चुका शोधू लागतो. माणसाच्या नावाखाली येणाऱ्या पट्टीलाही, जिला आपल्याकडच्या वाहिन्यांत अ‍ॅस्टन म्हणतात, हाच हिशेब लागू होतो. आजोबांच्या खाली नाव नको, 'फलकापासून डावीकडचे रहिवासी' एवढंच लिहावं. ती पट्टी चार सेकंदांपेक्षा कमी राहिली तर कुणी वाचत नाही. आणि आजोबा आपलं गमतीचं वाक्य बोलत असताना ती येऊ देऊ नये, कारण डोळे वाचायला गेले की कान बंद होतो. पट्टी आधी, नीरस वाक्यावर. ती गेल्यावर पोस्टमन.

टिकरची गल्लत सर्वांत जास्त होते. लेखक त्यात पंधरा विनोद भरतो आणि प्रेक्षक मुख्य बातमी सोडून खाली बघत बसतो. चार-पाच मिनिटांच्या बातमीपत्रात टिकरवर तीन वेगळी वाक्यं पुरतात. बाकी वेळ तिथं हवामान, सोन्याचा भाव असलं निरुपद्रवी काही फिरत राहू द्यावं.

वाचन हा शेवटचा आणि सर्वांत अवघड भाग. कोरा चेहरा म्हणजे मेलेला चेहरा नव्हे. बातमी वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक सौम्य काळजी असते, आपल्याला काही महत्त्वाचं सांगायचं आहे अशी. ती काळजी फलकाबद्दलही असायला हवी. वाचणाऱ्यानं मनाशी धरून चालावं की ही खरोखर बातमी आहे आणि घरी बसलेल्या कुणाला तरी तिचा उपयोग होणार आहे. जोर नेहमी वाक्यातल्या सर्वांत नीरस शब्दावर द्यावा. 'त्याचा एक पाय विटेवर असल्याचे प्राथमिक माहितीतून समोर येत आहे' या वाक्यात जोर 'विटेवर' दिला की विनोद सांगितल्यासारखा होतो, 'प्राथमिक' वर दिला की बातमी होते. एवढ्याच एका वाक्यावर तालमीत अर्धा तास घालवायला हरकत नाही.

बहुतेकांचा तोल वाक्याच्या शेवटी जातो. गमतीचा शब्द सरळ वाचतात, पण पूर्णविरामाशी ओठांचा एक कोपरा हलतो, किंवा भुवया वर जातात, किंवा श्वास नेहमीपेक्षा मोठा घेतला जातो. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण त्याला ते कळतं. हे तपासायची एक युक्ती आहे. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातल्या दोन खऱ्या बातम्या घ्याव्यात, तिसरी आपली, आणि तिन्ही सलग वाचून आवाज ध्वनिमुद्रित करावा. मग शब्दांकडं लक्ष न देता फक्त सूर ऐकावा. तिसऱ्या बातमीला सूर बदललेला ऐकू आला तर पुन्हा वाचावं. हशासाठी थांबायचं नाही, हेही इथंच अंगवळणी पडतं. थांबण्याची मुभा फक्त दोन बातम्यांच्या मधे, आणि तीही अर्ध्या सेकंदाची. चित्रीकरण सेकंदाला २५ चौकटींचं असेल तर संकलनात बारा-तेरा चौकटी. त्याहून लांबलं की निवेदक टाळीची वाट बघतो आहे असं दिसतं. मांडवात प्रत्यक्ष प्रेक्षक असतील आणि हशा उसळला, तर वाचणाऱ्यानं कागद सरळ करावेत, पाण्याचा घोट घ्यावा, पण प्रेक्षकाकडं पाहू नये.

मुख्य बातमी पावणेदोन मिनिटांची झाली की उरलेल्या वेळात तीन-चार छोट्या बातम्या बसतात. त्या प्रत्येकी दोन वाक्यांच्या असाव्यात आणि मुख्य बातमीपेक्षा वेगळ्या खात्याच्या भाषेत असाव्यात. फलकाला प्रशासनाची भाषा दिली, मग गच्चीच्या किल्लीला परराष्ट्र खात्याची द्यावी: 'गच्चीची किल्ली नेमकी कुणाकडे आहे, याबाबत दुसरा मजला आणि चौथा मजला यांच्यातील चर्चेची सहावी फेरी आज निष्फळ ठरली. पाण्याच्या टाकीजवळ शांतता असली तरी परिस्थिती तणावपूर्ण आहे.' प्लंबरला क्रीडावृत्ताची: 'प्लंबरची पाच मिनिटे आज तिसऱ्या दिवसात दाखल झाली. खेळ थांबला तेव्हा बादली अर्धी भरली होती.' हवामानाच्या नकाशावर पाऊस दाखवण्याऐवजी पार्किंग दाखवावं. 'सायंकाळी सातनंतर गेटसमोर अनोळखी दुचाकींचा पट्टा तयार होण्याची शक्यता आहे. रहिवाशांनी रिव्हर्स घेताना काळजी घ्यावी.' नकाशावर दाबाच्या वक्र रेषा हव्यात आणि ढगांच्या जागी बारक्या स्कूटरी.

हे सगळं चांगलं जमलं की एक खरा धोका उभा राहतो: लोक विश्वास ठेवतात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या 'द ओनियन' या विनोदी नियतकालिकानं उत्तर कोरियाच्या किम जोंग उन यांना जगातला सर्वांत आकर्षक पुरुष ठरवलं, आणि चीनच्या 'पीपल्स डेली'च्या संकेतस्थळानं ती बातमी खरी समजून ५५ छायाचित्रांसह दिली. तिथं निदान कुणाचं नुकसान झालं नाही. आपली चित्रफीत मांडवात दाखवली तेव्हा सगळ्यांना संदर्भ माहीत असतो, पण त्यातला वीस सेकंदांचा तुकडा कापून कुणी पुढं पाठवला की संदर्भ गळून पडतो. सुरुवातीला आणि शेवटी टाकलेली 'हे काल्पनिक आहे' ही पाटी त्या तुकड्यात नसते. म्हणून वाहिनीचं नावच असं ठेवावं की ते कोपऱ्यात सतत दिसत राहील आणि वाचताक्षणी शंका यावी. खऱ्या वाहिनीचं बोधचिन्ह, तिच्यासारखी रंगसंगती, खऱ्या अधिकाऱ्याचं नाव किंवा फोटो हे काहीच वापरू नये. फक्त पद वापरावं. हयात माणसाच्या तोंडी न बोललेलं वाक्य घातलं की ते बदनामीच्या कायद्याच्या वाटेवर जातं, आणि विनोद म्हणूनही ते कमकुवतच असतं, कारण प्रेक्षक कारभार सोडून त्या एका माणसावर हसायला लागतो.

याहून महत्त्वाची गाळणी मी विषय निवडतानाच लावते. ऐकून माणूस काही कृती करेल, अशी कुठलीही गोष्ट खोटी सांगायची नाही. उद्या पाणी येणार नाही, शाळेला सुटी, अमुक पूल वाहतुकीला बंद, लोकल रद्द, गॅसचे दर बदलले, हे विषय कितीही मोहात पाडणारे असले तरी बाहेर ठेवायचे. मुसळधार पावसाच्या रात्री सुटीचा खोटा निरोप आला तर एखादी आई डबा करत नाही, आणि पाणीकपातीच्या खोट्या बातमीवर म्हातारी माणसं भरलेल्या बादल्या उचलत बसतात. फलक कायम झाल्याचं कुणी खरं मानलं, तरी फार तर तो जाता जाता एकदा फलकाकडं वळून बघेल.